पांढरा शर्ट नीट, चेहरा मात्र हिरवट : दोन एलईडी पॅनलचा तपास

मांडणी साधी होती. एका खोलीत खुर्चीवर बसलेली गव्हाळ वर्णाची व्यक्ती आणि समोर कॅमेरा. चेहऱ्याच्या डावीकडे पंचेचाळीस अंशांवर, सव्वा मीटरवर एक एलईडी पॅनल. उजवीकडे दोन मीटरवर त्याच मॉडेलचं दुसरं पॅनल, निम्म्या तेजावर. उजव्याच बाजूला एक खिडकी, पडदा अर्धा ओढलेला. दोन्ही पॅनलच्या खोक्यांवर रंगतापमान ५६०० केल्विन आणि दिव्याखाली रंग किती खरे दिसतात ते सांगणारा सीआरआय ९५+ असं छापलेलं. पांढरं पांढरंच दिसावं म्हणून रंग जुळवणारा कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स ऑटोवर.

चित्रण पाहिल्यावर तीन तक्रारी आल्या. चेहऱ्याची डावी बाजू हिरवट दिसते. उजवी बाजू तितकी हिरवी नाही, पण दोन्ही बाजूंचा रंग एकमेकांशी जुळत नाही. आणि गाल-ओठ फिकुटलेले, माणूस आजारातून उठल्यासारखा. पांढरा शर्ट मात्र जवळपास पांढराच होता. खोलीत प्रत्यक्ष बसलेल्यांना यातलं काहीच जाणवलं नव्हतं, आणि तेही साहजिक आहे. डोळा मिनिटभरात समोरच्या प्रकाशाला सरावतो आणि त्यालाच पांढरा धरतो. कॅमेऱ्याला तशी सवय लागत नाही.

अशा वेळी 'पॅनल स्वस्तातलं आहे, सीआरआय कमी असणार' असं म्हणून विषय संपवला जातो. निदान अगदीच चुकीचं नसतं, पण अर्धवट असतं. हिरवटपणा आणि मळकटपणा हे दोन वेगळे दोष आहेत. त्यांची कारणं वेगळी, उपायही वेगळे. पहिला दिव्यावर लावायच्या रंगीत पारदर्शक जेलच्या एका तुकड्यानं जातो, दुसऱ्यावर जेलचा काहीच इलाज चालत नाही. या प्रकरणात दोन्ही दोष एकत्र आले होते, शिवाय खिडकीनं त्यांत भर घातली होती.

आधी कॅमेरा जागेवर बांधून ठेवा

ऑटो व्हाइट बॅलन्स चालू असेल तर तपास करण्यात अर्थ नाही, कारण कॅमेरा प्रत्येक फ्रेममध्ये आपल्या परीनं दुरुस्ती करत राहतो आणि दोष कधी प्रकाशाचा, कधी कॅमेऱ्याचा वाटतो. म्हणून व्हाइट बॅलन्स ५६०० केल्विनवर पक्का केला, हिरवा-गुलाबी तोल ठरवणारा टिंट शून्यावर आणला, एक्स्पोजर लॉक केलं आणि कॅमेऱ्यातली रंग खुलवणारी सगळी सोय बंद करून साधी स्टँडर्ड प्रोफाइल ठेवली. पडदा पूर्ण ओढला. छताचा दिवा बंद केला. बसलेल्या व्यक्तीच्या हनुवटीखाली ग्रे कार्ड धरलं आणि आधी फक्त डावं पॅनल लावून, मग फक्त उजवं लावून एकेक चित्र घेतलं. दुसऱ्या वेळीही कार्डाची उजळता पहिल्या चित्राइतकीच ठेवली.

ग्रे कार्डाला स्वतःचा रंग नसतो, त्यामुळे त्याच्यावर लाल, हिरवा, निळा हे तिन्ही आकडे सारखे यायला हवेत. डाव्या पॅनलखाली ते ११५, १२८, १२४ आले. लाल आणि निळ्याची सरासरी काढली तर ती ११९.५ येते, म्हणजे हिरवा साडेआठनं वर. उजव्या पॅनलखाली ११९, १२६, १२३. इथं हिरवा पाचनं वर. एकच मॉडेल, एकाच वेळी घेतलेली दोन पॅनल, तरी रंग वेगळा. एलईडी तयार होतात तेव्हा प्रत्येक चिपचा रंग किंचित वेगळा निघतो. उत्पादक त्या मोजून गटवार लावतात. काटेकोर गट महाग पडतो, म्हणून स्वस्त पॅनलमध्ये सैल गटातल्या चिप येतात. चेहऱ्याच्या दोन बाजू जुळत नव्हत्या त्याचं एक कारण इथंच सापडलं.

दुसरं कारण खिडकी. पडदा अर्धा उघडा असताना उजव्या गालावर पॅनल आणि बाहेरचा उजेड मिसळून पडत होता. व्हाइट बॅलन्स ही अख्ख्या फ्रेमसाठी एकच दुरुस्ती असते. डाव्या बाजूचा हिरवा काढायला गेलं की खिडकीच्या बाजूचा गाल गुलाबी होतो, आणि उलटही तसंच. मिश्र प्रकाश नंतर संगणकावर सुटा करणं जवळपास अशक्य असतं, म्हणून खिडकी एकतर पूर्ण वापरावी किंवा पूर्ण झाकावी.

मीटरनं काय दाखवलं

हातात धरायच्या स्पेक्ट्रोमीटरनं डावं पॅनल मोजलं. रंगतापमान ६१०० केल्विन निघालं, सरासरी सीआरआय ८२, आर९ फक्त ४, आणि डीयूव्ही +०.००८. खोक्यावरचा ९५+ कुठून आला हे सांगता येत नाही. कधी तो डिफ्यूझर लावण्याआधीच्या नुसत्या चिपचा असतो, कधी निव्वळ छापलेला. या चार आकड्यांपैकी कामाचे दोन शेवटचे, आणि खोक्यावर सहसा तेच नसतात.

सीआरआय म्हणजे काय मोजतात हे नीट पाहिलं की त्याची मर्यादा कळते. ही पद्धत सीआयई या आंतरराष्ट्रीय संस्थेची, १९६५ सालची, १९७४ मध्ये सुधारलेली. ठरलेले आठ रंगनमुने तुमच्या दिव्याखाली कसे दिसतील आणि त्याच रंगतापमानाच्या संदर्भप्रकाशाखाली कसे दिसतील याचा फरक गणितानं काढतात. संदर्भ ५००० केल्विनच्या खाली तापलेल्या कृष्णवस्तूचा, म्हणजे तापमानानुसार रंग बदलत उजळणाऱ्या आदर्श वस्तूचा, त्यापासून वर दिवसाच्या उजेडाचा. प्रत्येक नमुन्याला शंभरपैकी गुण मिळतात आणि आठांची सरासरी म्हणजे सरासरी सीआरआय. हे आठही नमुने मवाळ, फिकट छटांचे आहेत. भडक लाल हा नववा नमुना, आर९, आणि तो सरासरीत धरतच नाहीत.

डाव्या पॅनलचे गुण आर१ पासून क्रमानं असे होते: ८०, ८७, ९३, ८१, ८०, ८२, ८८, ६५. बेरीज ६५६, आठांनी भागून ८२. आठव्या नमुन्याचे ६५ गुण धोक्याची खूण दाखवतात, कारण तो लालसर-जांभळा आहे, पण बाकी सातांनी त्याला सांभाळून घेतलं. आर९ चे ४ गुण धरले असते तर नऊ नमुन्यांची सरासरी ७३ वर आली असती. आर९ शून्याखालीही जाऊ शकतो, आणि ८० च्या आसपास सीआरआय असलेल्या दिव्यांत तो शून्याच्या आगेमागे असणं ही नेहमीची गोष्ट आहे.

कृष्णवस्तू तापत जाताना तिचा रंग एका रेषेवरून सरकतो, आणि दिव्याचा पांढरा रंग त्या रेषेपासून किती बाजूला गेला आहे ते डीयूव्ही हा आकडा सांगतो. अधिक असेल तर हिरव्याकडे, उणे असेल तर गुलाबीकडे. शून्याच्या दोन्ही बाजूंना ०.००३ पर्यंत फारसं बिघडत नाही. ०.००६ च्या पुढे चेहऱ्यावर हिरवा स्पष्ट दिसायला लागतो. इथं तो ०.००८ होता, उजव्या पॅनलवर ०.००४.

यातली गंमत अशी की सीआरआयच्या गणितात डोळा दिव्याला सरावतो असं गृहीत धरून रंग आधी जुळवून घेतले जातात. म्हणजे दिव्याच्या एकूण हिरवटपणाला गणित बऱ्यापैकी माफ करतं. दिवा संदर्भापासून ०.००५४ पेक्षा लांब असेल तर निकालाची अचूकता घटते, असं त्या पद्धतीतच नमूद आहे. पण खोक्यावर आकडा छापणारा ते कशाला लिहील? चांगल्या सीआरआयचा दिवाही हिरवट असू शकतो तो यामुळेच.

गाल फिके का पडले

पांढऱ्या एलईडीत मुळात निळी चिप असते, साधारण ४५० नॅनोमीटरची. तिच्यावर पिवळ्या फॉस्फरचा थर असतो. तो निळ्याचा काही भाग शोषून ५५०-५६० च्या आसपास शिखर असलेला रुंद पिवळा उजेड देतो, आणि दोन्ही मिळून पांढरं दिसतं. हा उजेड ६०० नंतर झपाट्यानं उतरतो. तिथला लाल भरायचा तर वेगळं लाल फॉस्फर घालावं लागतं. ते महाग असतं, शिवाय डोळ्याची संवेदनशीलता ५५५ नॅनोमीटरला सर्वाधिक आणि ६५० ला तिच्या जेमतेम दहावा हिस्सा. म्हणजे लालमध्ये घातलेली वीज ल्युमेनच्या हिशोबात वाया गेल्यासारखी दिसते. 'जास्त ल्युमेन, कमी वॅट' विकायचं असेल तर सगळ्यात आधी लालवरच कात्री चालते.

त्वचेचा जिवंतपणा नेमका याच पट्ट्यात असतो. रक्तातलं हिमोग्लोबिन ५४२ आणि ५७७ नॅनोमीटरला जोरात प्रकाश गिळतं. ५८० च्या पुढे ते झपाट्यानं सुटतं आणि त्वचेचं परावर्तन चढत जातं. वर्ण गोरा असो की सावळा, हा चढ असतोच. सावळ्या त्वचेतलं मेलॅनिन निळा-हिरवा आणखी शोषतं, त्यामुळे तिच्यावरून परतणाऱ्या प्रकाशात लालचा वाटा उलट जास्तच असतो, आणि लाल नसलेल्या दिव्याखाली तिचंच अधिक नुकसान होतं.

आता कॅमेऱ्याच्या बाजूनं बघा. त्याचा लाल चॅनल फक्त गडद लाल पाहत नाही. साधारण ५७० पासून पुढचा बराच पट्टा तो गोळा करतो. या पॅनलखाली त्याला मिळणारा बहुतेक उजेड ५८०-६०० मधला, म्हणजे जिथं रक्ताचं शोषण अजून पुरतं संपलेलं नसतं. दिवसाच्या उजेडात त्याच चॅनलला ६२०-६५० मधलाही भरपूर वाटा मिळतो, जिथं ओठ आणि गाल सर्वाधिक उजळ असतात. ग्रे कार्ड सगळ्या तरंगलांबी सारख्याच परतवतं, म्हणून त्याला या फरकाचा पत्ता लागत नाही. शर्टालाही नाही. व्हाइट बॅलन्स कार्डावरून लावला की कार्ड अचूक करडं होतं आणि चेहरा मात्र तसाच राहतो.

हे आकड्यांत पाहण्यासाठी दोन चित्रं घेतली. एक फक्त डाव्या पॅनलखाली, दुसरं पॅनल बंद करून खिडकीच्या सावलीतल्या उजेडात. दोन्हींत कार्डावरून कस्टम व्हाइट बॅलन्स लावला आणि कार्डाची उजळता सारखी ठेवली. गालावर खिडकीच्या उजेडात १८२, १३२, १०८ आले. पॅनलखाली १७३, १३२, १०८. हिरवा आणि निळा तसूभर हलला नाही, लाल नऊनं पडला. ओठांवर फरक आणखी मोठा: लाल १७० वरून १५७ वर. गाल आणि ओठ आपापल्या जागी मंद झाले, म्हणून चेहरा सपाट आणि पिवळट. चित्रातल्या रंगांची छटा आणि गडदपणा दाखवणाऱ्या वेक्टरस्कोपवर त्वचेचा पट्टा स्किन टोन रेषेपासून पिवळ्या-हिरव्याकडे झुकला होता आणि आखूडही झाला होता.

मीटर नसेल तर सीडीची चकचकीत बाजू पुरते. खोली अंधारी करून पॅनलसमोर पुठ्ठा धरा, त्यात दोन मिलिमीटरची फट ठेवा, आणि त्या फटीचं इंद्रधनुष्य सीडीवर तिरकं पाहा. स्वस्त पॅनलमध्ये निळ्याचा चकचकीत पट्टा, मग एक काळपट फट, मग हिरवा-पिवळा आणि लवकर विझणारा लाल दिसतो. शेजारी हॅलोजन दिवा लावून तेच पाहिलं की लाल पट्टा किती लांब असायला हवा ते लक्षात येतं. आकडा मिळत नाही, पण खोक्यावरचं खरं की खोटं ते बहुधा कळतं. डीयूव्ही मात्र सीडीवर कळत नाही, त्याला ग्रे कार्डच हवं.

जेलनं काय सुधारलं, काय नाही

हिरव्यावरचा उपाय म्हणजे मायनस ग्रीन जेल, फिकट गुलाबी रंगाचा पारदर्शक कागद. तो पूर्ण, अर्धा, पाव आणि अष्टमांश अशा चार दमांत मिळतो. ली कंपनीच्या जेलमध्ये त्यांचे नंबर अनुक्रमे २४७, २४८, २४९ आणि २७९. कुठला घ्यायचा हे डोळ्यानं ठरवू नये. कॅमेरा ५६०० वर पक्का ठेवून ग्रे कार्डावर हिरवा आकडा लाल-निळ्याच्या सरासरीइतका येईपर्यंत थर बदलावेत. डाव्या पॅनलवर पाव लावल्यावर हिरवा अजून अडीच-तीननं वर राहिला. त्यावर अष्टमांश चढवला तेव्हा बरोबरीत आला. उजव्याला एकटा पाव पुरला, किंबहुना एखाद्या आकड्यानं गुलाबीकडे गेला. तेवढं चालतं. त्वचा किंचित गुलाबी असली तर कुणी बोट ठेवत नाही, किंचित हिरवी असली तर लगेच दिसते.

जेल पॅनलच्या कडेपर्यंत पोहोचायला हवा. बाजूनं बिनजेलचा उजेड निसटला की गालाच्या कडेला पुन्हा हिरवी झाक येते. जेलमुळे प्रकाश कमी होतो, त्यामुळे एक्स्पोजर नव्यानं लावावं लागलं.

डाव्या-उजव्या बाजू जुळल्या आणि हिरवटपणा गेला. गालावर मात्र १७४, १३२, १०९. म्हणजे फिकेपणा जागच्या जागी. जेल हिरवा गाळतो, जो लाल दिव्यातच नाही तो आणून देत नाही. हे वाक्य लिहायला सोपं, पण या टप्प्यावर बरेच जण आणखी गडद जेल लावत जातात, आणि कार्ड जांभळट होतं तरी ओठ काही खुलत नाहीत.

आधी झालेल्या चित्रणासाठी संगणकावर जे शक्य होतं ते केलं. आधी टिंट गुलाबीकडे नेऊन शर्ट आणि कार्ड करडं केलं. मग क्वालिफायरनं फक्त त्वचेचा रंग निवडून तो लालकडे थोडासा फिरवला आणि त्याचं सॅच्युरेशन वाढवलं. वेक्टरस्कोपवर पट्टा रेषेवर आला. चेहरा बरा दिसतो, पण सगळा एकसारखा तांबूस. गाल, कपाळ आणि ओठ यांच्यातला जो नाजूक फरक सेन्सरपर्यंत पोहोचलाच नाही तो निवडीतून परत मिळत नाही. अख्ख्या फ्रेमचं सॅच्युरेशन वाढवणं तर टाळावंच, कारण मागची भिंत आणि कपडे चेहऱ्याच्या आधी भडकतात.

पॅनल बदलताना

नव्या पॅनलसाठी खोक्यावरचा एक आकडा न बघता चार गोष्टी मागितल्या: सरासरी सीआरआय किमान ९५, आर९ किमान ९०, डीयूव्ही ०.००३ च्या आत आणि वर्णपटाचा आलेख. टीएलसीआय ही युरोपियन ब्रॉडकास्टिंग युनियननं २०१२ मध्ये आणलेली मोजणी डोळ्याऐवजी कॅमेऱ्याचा हिशोब धरते, म्हणून चित्रणासाठी ती सीआरआयपेक्षा जवळची. तिचा आकडा ९५ च्या वर असेल तर उत्तमच. आर९ देत नसलेला विक्रेता तो बहुधा मुद्दामच देत नाही असं समजावं.

आलेले पॅनल मोजल्यावर सीआरआय ९६, आर९ ९३, डीयूव्ही एकावर +०.००१ आणि दुसऱ्यावर शून्य. गालावर १८१, १३२, १०८, खिडकीच्या उजेडाहून एकच आकडा कमी. तितक्याच वॅटमध्ये उजेड मात्र सुमारे एक चतुर्थांशानं कमी पडला. लालची किंमत इथं मोजावी लागते, त्यामुळे पॅनल एका आकारानं मोठं घेणं शहाणपणाचं.

नवे पॅनल दोन रंगांचे आहेत, ३२०० आणि ५६०० च्या चिप मिसळून मधले रंग देणारे. अशा पॅनलमध्ये दोन्ही टोकं अचूक असली तरी मध्यावर प्रकाश किंचित गुलाबी होतो, कारण मिश्रण टोकांना जोडणाऱ्या सरळ रेषेवर सरकतं आणि कृष्णवस्तूची रेषा वक्र आहे. ४१०० केल्विनच्या आसपास हा फरक सुमारे उणे ०.००२५ भरतो. तो चालण्याजोगा आहे, पण खरेदीपूर्वी मोजणी टोकांवर करून थांबू नये. उलट, टोकांवर हिरवं असलेलं स्वस्त पॅनल मध्यावर बरंच निवळलेलं दिसतं आणि दुकानात नेमकं तिथंच लावून दाखवलं तर फसायला होतं.

नवं पॅनल घेणं जमत नसेल तर खिडकी हाच मुख्य दिवा करावा. सावलीतला आकाशाचा उजेड वर्णपटाच्या बाबतीत सगळ्या पॅनलच्या पुढे असतो. त्या वेळी जुनी पॅनल चेहऱ्यावरून पूर्ण काढून फक्त पार्श्वभूमीवर वळवावीत. या खोलीत ती तशीच वापरात राहिली: जेल लावून मागच्या करड्या भिंतीवर. भिंतीला लालशी देणंघेणं नसल्यानं तिथं काही अडलं नाही. फक्त मागच्या कपाटातली लाल पाठीची पुस्तकं विटकरी दिसायला लागली, ती फ्रेमबाहेर सरकवली.